वीस लाखांची बेरीज: चिखलोलीच्या सल्लागाराने कोणते उत्पन्न धरायचे, कोणते सोडायचे

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या चिखलोलीत, मोरिवलीपर्यंत पसरलेल्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास, स्वतःच्या नावावर काम करणारी माणसे बरीच आहेत. कुणी रासायनिक कारखान्यांना सुरक्षिततेचा सल्ला देतो, कुणी यंत्रांचे आराखडे काढतो, कुणी उपकरणांची तपासणी करून अहवाल देतो. यातले अनेकजण कारखान्यातून किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त होऊन या कामात आलेले असतात. त्यांची बिले लहान आणि ग्राहक मोजके असतात, पण उत्पन्न एकाच ठिकाणाहून येत नाही. सल्ल्याची फी असते, एखाद्या गाळ्याचे आणि फ्लॅटचे भाडे असते, निवृत्तीच्या पैशांच्या मुदतठेवींवरचे व्याज असते. वापीच्या कंपनीचे काम मिळाले की त्यांना प्रश्न पडतो: मला जीएसटीची नोंदणी घ्यावी लागेल का?

याची दोन उत्तरे सर्रास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘गुजरातला बिल दिलेत ना, मग पहिल्या रुपयापासून नोंदणी.’ दुसरे म्हणजे, ‘फी वीस लाखांच्या आत आहे ना, मग काळजी नको. घरभाडे आणि व्याज करमाफ आहे, ते मोजायचेच नाही.’ ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्यामुळे माणूस गरज नसताना नोंदणी घेतो. दुसऱ्यामुळे गरज असताना घेत नाही, आणि तेच जास्त महाग पडते.

कायद्यात ‘एकूण उलाढाल’ या शब्दांची व्याख्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम २ मधील पोटकलम ६ मध्ये आहे. एका पॅनवर, संपूर्ण भारतात, वर्षभरात केलेल्या चार प्रकारच्या पुरवठ्यांची बेरीज म्हणजे एकूण उलाढाल. करपात्र पुरवठा, करमाफ पुरवठा, निर्यात आणि आंतरराज्य पुरवठा हे ते चार प्रकार. यातून दोनच गोष्टी वगळायच्या: जीएसटीची रक्कम, आणि तुम्ही स्वतः घेतलेल्या ज्या सेवा-वस्तूंवर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच कर भरावा लागतो त्यांची किंमत. कलम २२ नुसार ही बेरीज आर्थिक वर्षात वीस लाख रुपयांपेक्षा जास्त झाली की सेवा देणाऱ्याला नोंदणी घ्यावी लागते. काही विशेष दर्जाच्या राज्यांत ही सीमा दहा लाख आहे, पण महाराष्ट्राला वीस लाखच लागू आहे. बरोबर वीस लाख झाले तर नोंदणी लागत नाही, त्यावर एक रुपया गेला की लागते.

कर कशावर लागतो आणि सीमा कशाने मोजली जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. घरभाड्यावर कर नाही, तरी ते बेरजेत येते. निर्यातीवर प्रत्यक्ष कर भरावा लागत नाही, तरी तीही येते. मात्र नोंदणी घेतल्यावरसुद्धा घरभाड्यावर कर लागत नाही. त्याचा वाटा फक्त माणसाला सीमेपर्यंत नेण्यापुरता असतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले उत्पन्नाचे प्रकार या भागात नेहमी दिसणारे आहेत. चिखलोलीत राहणारा एक निवृत्त अभियंता २०२५-२६ या वर्षात सल्लागार म्हणून काम करतो. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांकडून त्याला दरमहा ९५,००० रुपये मिळतात, वर्षाचे ११,४०,०००. वापीच्या एका कंपनीला तो दरमहा ३०,००० चे बिल देतो, वर्षाचे ३,६०,०००. दुबईच्या एका कंपनीला जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत आराखडे काढून दिले, प्रत्येकी ६०,०००, म्हणजे १,८०,०००. अंबरनाथमधला त्याचा गाळा एका नोंदणीकृत फर्मला दरमहा १५,००० ने दिलेला आहे, वर्षाचे १,८०,०००. बदलापूरचा फ्लॅट एका कुटुंबाला राहण्यासाठी दरमहा १०,००० ने दिलेला आहे, वर्षाचे १,२०,०००. मुदतठेवींवर दर तिमाहीला २२,५०० व्याज जमा होते, वर्षाचे ९०,०००. याशिवाय निवृत्तिवेतन आहे, आणि याच वर्षात त्याने काही शेअर विकले आहेत.

आधी जे बेरजेत येत नाही ते बाजूला काढू. निवृत्तिवेतन हा कुठल्याही सेवेचा मोबदला नाही, ते धरायचे नाही. पगार असता तर तोही आला नसता, कारण नोकराने मालकाला दिलेली सेवा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार पुरवठाच मानली जात नाही. जमिनीची विक्री त्याच परिशिष्टात आहे. शेअर आणि इतर रोखे व्याख्येनुसार वस्तूही नाहीत आणि सेवाही नाहीत, त्यामुळे त्यांच्या विक्रीची रक्कम कितीही मोठी असली तरी या हिशोबाशी तिचा संबंध नाही.

आता वापी. कलम २४ मध्ये सक्तीच्या नोंदणीची यादी आहे आणि आंतरराज्य करपात्र पुरवठा करणारे तिच्यात सुरुवातीलाच येतात. पहिल्या रुपयापासून नोंदणीचा समज इथूनच आला. पण १३ ऑक्टोबर २०१७ च्या एकात्मिक कराच्या अधिसूचना क्रमांक १०/२०१७ ने सेवा देणाऱ्यांना यातून सूट दिली. एकूण उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर फक्त दुसऱ्या राज्यात सेवा दिली म्हणून नोंदणी घ्यावी लागत नाही. सेवेची निर्यातही कायद्याने आंतरराज्य पुरवठाच मानली जाते, त्यामुळे दुबईच्या कामालाही हीच सूट आहे. सक्ती गेली तरी रक्कम बेरजेत राहते, म्हणून ३,६०,००० आणि १,८०,००० धरायचेच.

ही सूट सेवेपुरतीच आहे. आपला अभियंता वापीला अहवालासोबत एखादा सेन्सर किंवा सुटा भाग विकू लागला, तर तो वस्तूचा आंतरराज्य पुरवठा होतो आणि वस्तूंना अशी सरसकट सूट नाही. दोन हजारांच्या भागासाठीही नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी तो भाग कंपनीनेच थेट विकत घ्यावा आणि आपण फक्त सेवेचे बिल द्यावे, हे सोपे. तसेच प्रत्येक ‘गुजरातची कंपनी’ आंतरराज्य नसते. ग्राहक नोंदणीकृत असेल तर त्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक बघावेत. २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात. मुख्य कार्यालय वापीला असले, तरी चिखलोलीच्या कारखान्याच्या २७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर बिल दिले, तर ते सर्वसाधारणपणे राज्यांतर्गतच असते.

गाळ्याच्या भाड्याबाबत हमखास फसायला होते. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणीकृत भाडेकरूला व्यावसायिक जागा दिली, तर त्या भाड्यावरचा कर भाडेकरूने रिव्हर्स चार्जने भरायचा असतो. (कंपोझिशन योजनेतल्या भाडेकरूंना नंतर यातून वगळले.) मालकाला वाटते, कर भाडेकरू भरतो, मग हे माझ्या हिशोबात कशाला? पण व्याख्येतून वगळले आहे ते रिव्हर्स चार्जने कर भरणाऱ्याने घेतलेल्या सेवेचे मूल्य. देणाऱ्याच्या बाजूने तो साधा करपात्र पुरवठाच राहतो. म्हणून १,८०,००० मालकाच्या बेरजेत येतात आणि भाडेकरूच्या येत नाहीत. घराच्या भाड्याचे १,२०,००० करमाफ पुरवठा म्हणून येतात.

इथपर्यंतची बेरीज १९,८०,००० झाली, सीमेपेक्षा वीस हजारांनी कमी. आता उरलेल्या ९०,००० च्या व्याजावर सगळे ठरणार आहे.

बँकेत ठेव ठेवणे म्हणजे बँकेला पैसे वापरायला देणे. व्याजाच्या मोबदल्यात ठेव, कर्ज किंवा आगाऊ रक्कम देण्याची सेवा २८ जून २०१७ च्या अधिसूचना १२/२०१७ ने करमाफ केली आहे. करमाफ म्हटले की आधी ती सेवा मानली गेली, आणि सेवा असेल तर करमाफ पुरवठा म्हणून ती एकूण उलाढालीत जाते. गुजरातच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणासमोर २०२० मध्ये नेमका हाच प्रश्न आला होता. अर्जदाराच्या सुमारे २०.१२ लाखांच्या उत्पन्नात गाळ्यासारख्या जागेचे भाडे फक्त ९.८४ लाख होते, बाकी बचत खाते, पीपीएफ आणि ओळखीच्या लोकांना दिलेल्या उसनवारीवरचे व्याज होते. व्याज करमाफ असले तरी सीमा मोजताना धरावेच लागेल, असे प्राधिकरणाने सांगितले. म्हणजे जेमतेम दहा लाखांच्या भाड्यावर नोंदणी आली.

असा निर्णय फक्त त्या अर्जदाराला आणि त्याच्या अधिकाऱ्याला बांधील असतो, महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्याला नाही. घरातली बचत बँकेत ठेवणे हा ‘व्यवसाय’च नाही, असा युक्तिवाद जाणकार करतात आणि त्यात दम आहे. तरीही माझे मत व्याज धरावे असेच आहे, आणि त्याचे कारण कायद्यातच आहे. कंपोझिशन योजनेची पात्रता मोजताना ठेवी-कर्जावरचे व्याज धरू नये, असे कलम १० च्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. ‘फक्त वस्तू विकणारा’ कोण हे ठरवताना व्याजामुळे तो दर्जा जात नाही, असे कलम २२ मध्ये लिहिले आहे. जिथे व्याज सोडायचे होते तिथे कायद्याने तसे स्पष्ट म्हटले. वीस लाखांच्या बेरजेसाठी तसे कुठेही म्हटलेले नाही. एवढ्या फरकावर पुढे वाद घालत बसण्यापेक्षा व्याज धरून चालणे शहाणपणाचे.

म्हणजे आपल्या अभियंत्याची बेरीज २०,७०,००० झाली. आता सीमा कोणत्या दिवशी ओलांडली ते काढावे लागते, कारण मुदत त्या दिवसापासून सुरू होते. भाडी, वापीचे बिल आणि स्थानिक बिले मिळून दरमहा दीड लाख होतात. फेब्रुवारीअखेर अकरा महिन्यांचे १६,५०,०००, दुबईचे १,८०,००० आणि तीन तिमाहींचे व्याज ६७,५००, असे १८,९७,५०० झाले. मार्चच्या ५ तारखेला दोन्ही भाड्यांचे २५,००० मिळाले: १९,२२,५००. १५ तारखेला वापीचे बिल ३०,०००: १९,५२,५००. २५ तारखेला स्थानिक कारखान्यांची बिले ९५,०००: २०,४७,५००. सीमा २५ मार्चला ओलांडली गेली.

तिथून तीस दिवसांत, म्हणजे २४ एप्रिलच्या आत, gst.gov.in वर `GST REG-01` अर्ज गेला पाहिजे. पॅन, आधार पडताळणी, फोटो आणि जागेचा पुरावा लागतो. जागा स्वतःची असेल तर वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, कुटुंबातल्या कुणाची असेल तर सोबत संमतिपत्र. मुदतीत अर्ज केला की नोंदणी २५ मार्चपासूनच लागू होते. मधल्या काळात दिलेल्या करपात्र बिलांऐवजी नोंदणीपत्र मिळाल्यापासून एक महिन्यात सुधारित बिले देता येतात आणि कारखान्यांना त्यांचे क्रेडिट मिळते. ज्या बिलाने सीमा ओलांडली तेही करासह धरावे, हे सुरक्षित. त्याआधीच्या उलाढालीवर मागे जाऊन कर लागत नाही.

उशीर झाला तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून लागू होते, पण कराची जबाबदारी मात्र सीमा ओलांडल्या दिवसापासूनच राहते. मधल्या महिन्यांचा १८ टक्के कर खिशातून जातो, कारण ग्राहक जुनी बिले पुन्हा उघडायला तयार नसतो. त्यावर व्याज लागते, आणि दंड दहा हजार रुपये किंवा बुडालेला कर यांतला जो जास्त असेल तो. आयकराच्या वार्षिक माहिती पत्रकात फी, भाडे आणि व्याज एकाच पॅनखाली दिसतात, त्यामुळे ही बेरीज खात्यालाही करता येते.

नोंदणीनंतर या अभियंत्याच्या बिलांवर काय होईल? स्थानिक बिलांवर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा कर, वापीच्या बिलावर १८ टक्के एकात्मिक कर. दुबईच्या कामासाठी `GST RFD-11` हमीपत्र भरले की कर न भरता बिल देता येते. गाळ्याचा रिव्हर्स चार्ज बंद होतो, कारण मालक आता नोंदणीकृत झाला. १५,००० च्या भाड्यावर तो स्वतः २,७०० रुपये लावून भरेल. फ्लॅटमधले कुटुंब नोंदणीकृत नाही, म्हणून तिथे पूर्वीसारखाच शून्य कर. सेवांसाठीच्या सहा टक्क्यांच्या कंपोझिशनचा मोह होऊ शकतो, पण आंतरराज्य पुरवठा करणाऱ्याला ती घेता येत नाही, त्यामुळे वापी आणि दुबई असेपर्यंत ती विसरावी. त्याचे सगळे ग्राहक नोंदणीकृत कारखाने आहेत, लावलेला कर ते क्रेडिट म्हणून परत घेतात. अशा माणसाने नोंदणीला घाबरण्याचे कारण नाही. नोंदणी खरी जड जाते ती घरगुती ग्राहक असलेल्यांना. शिकवणीच्या वर्गातल्या पालकाला १८ टक्क्यांचे क्रेडिट कुठेच मिळत नाही.

बेरीज करताना नेहमी चुकणाऱ्या दोन जागा सांगतो. पहिली म्हणजे बँकेच्या पासबुकावरून हिशोब करणे. वापीच्या कंपनीने ३०,००० च्या बिलातून १० टक्के टीडीएस कापून २७,००० जमा केले, तर उलाढाल ३०,००० च आहे. वर्षभरात एवढ्या एका ग्राहकाकडूनच ३६,००० चा फरक पडतो. प्रवासखर्चाचेही तसेच. वापीला जाण्याचे भाडे आणि लॉजचा खर्च आपल्या बिलात लावून वसूल केला, तर तो सेवेच्या मूल्याचाच भाग होतो. ‘प्युअर एजंट’च्या अटी पूर्ण केल्या तरच तो वेगळा ठेवता येतो, आणि लहान सल्लागाराच्या बिलात त्या क्वचितच पूर्ण होतात. कंपनीने तिकीट आणि खोली स्वतः काढून दिली तर हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरी चूक म्हणजे मार्चचे बिल एप्रिलवर ढकलणे किंवा पत्नीच्या नावाने देणे. मार्चमध्ये पूर्ण झालेली सेवा बिलाची तारीख बदलल्याने पुढच्या वर्षाची होत नाही, आणि काम तुम्ही करून बिल दुसऱ्याच्या पॅनवर देणे तपासणीत टिकत नाही. पत्नी खरोखरच वेगळे काम करत असेल, किंवा फ्लॅट तिच्या नावावर असून भाडे तिच्या खात्यात येत असेल, तर तिची बेरीज खुशाल वेगळी मोजावी. हिंदू अविभक्त कुटुंबाचा पॅन वेगळा असतो, म्हणून त्याच्या मालमत्तेचे भाडेही वेगळे.

फक्त करमाफ उत्पन्न असणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. बदलापुरात बरेच फ्लॅट कुटुंबांना भाड्याने देऊन कुणी वर्षाला तेवीस लाख मिळवत असेल, तर कलम २३ नुसार त्याला नोंदणी लागत नाही. पण त्याच माणसाने एखाद्या सोसायटीला पन्नास हजारांचा सल्ला दिला, तर तो ‘फक्त करमाफ’ राहत नाही आणि त्याची बेरीज आधीच वीस लाखांच्या पुढे असते. नोंदणी लागते, कर मात्र त्या पन्नास हजारांच्या कामावरच. आणि दुकानदारांकडून ऐकलेली चाळीस लाखांची सीमा सल्लागाराने स्वतःला लावू नये. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेली ती सवलत फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे.

एक साधी वही करा. वर आपला पॅन लिहा, खाली करपात्र, करमाफ, आंतरराज्य आणि निर्यात असे चार रकाने आखा, आणि शेवटी चालू बेरीज ठेवा. प्रत्येक बिल, भाडे आणि व्याज तारखेसह, टीडीएस न वजा करता, एकाच रकान्यात लिहा. वापीचे बिल करपात्रही आहे आणि आंतरराज्यही, पण ते दोनदा मोजायचे नाही. बेरीज अठरा लाखांवर गेली की पुढचे बिल देण्याआधी ही वही घेऊन आपल्या कर सल्लागाराकडे जा, आणि व्याजाचा रकाना त्याला आधी दाखवा.